पोटातलं पाणी, एक सुई आणि दोन बाटल्या

पोटात पाणी होणं हे एका आजाराचं नाव नाही. यकृत निकामी होऊ लागलं, हृदय थकलं, पोटाचा क्षय झाला किंवा बीजाशयाचा कर्करोग पोटभर पसरला, तरी बाहेरून दिसतं ते सारखंच. पोट फुगतं, कपडे घट्ट होतात, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं. यातले शेवटचे दोन आजार तर एकमेकांचा वेश घेऊन येतात. क्षयाचं प्रमाण मोठं असलेल्या आपल्या देशात हा घोळ डॉक्टरांना नेहमीचा आहे. तो सोडवायला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. सोनोग्राफीत बघत बघत घातलेली एक सुई पुरते. ती सुई नेमकं काय करते आणि नंतर काय होऊ शकतं, हे एका नमुन्याच्या उदाहरणावरून पाहू.

वय ४६ वर्षांच्या एक बाई. दीड महिन्यापासून पोट वाढतंय, संध्याकाळी कणकण येते, वजन ५ किलोंनी उतरलंय. सोनोग्राफीत पोटात भरपूर पाणी दिसलं. सीटी स्कॅनमध्ये ओमेंटम जाड झालेला दिसला. ओमेंटम म्हणजे पोटात आतड्यांवर पदरासारखा पडलेला चरबीचा पडदा. रक्तातली सीए-१२५ ही तपासणी ४१० आली. ती साधारण ३५ च्या आत असावी लागते. हा आकडा पाहून घरच्यांनी कर्करोग धरूनच चालायला सुरुवात केली. पण सीए-१२५ पोटातल्या आवरणाला सूज आली की वाढतं, मग ती सूज कर्करोगाची असो की क्षयाची. जाड झालेला ओमेंटमही दोन्हींत दिसतो. स्कॅन ‘कुठे’ ते सांगतं, ‘काय’ ते नेहमी सांगत नाही. त्यासाठी तुकडा लागतो.

म्हणून ठरलं असं की एकाच बैठकीत पाणी काढायचं आणि ओमेंटमचे तुकडेही घ्यायचे.

आधीची तयारी

पहिली चौकशी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची असते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा नव्या पिढीतल्या गोळ्या चालू असतील तर ते स्वतःहून सांगावं, कारण ‘बीपीची गोळी’ म्हणून रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत यातली एखादी असू शकते. खोलवरच्या बायोप्सीआधी क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात. मात्र हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असेल तर गोळी परस्पर बंद करणं बायोप्सीपेक्षा धोक्याचं ठरू शकतं. ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगायचं.

मग रक्त गोठण्याची तपासणी. आयएनआर साधारण १.५ ते १.८ च्या आत आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असतील तर खोल अवयवाची बायोप्सी करायला सहसा हरकत नसते. नुसतं पाणी काढायचं असेल तर नियम बरेच सैल असतात, कारण सुई कुठल्याही भरीव अवयवात शिरत नाही. रुग्णाला सहसा ४ ते ६ तास उपाशी यायला सांगतात. सोबत सगळे जुने स्कॅन आणावेत, फक्त रिपोर्ट नव्हे. सुईची वाट त्या चित्रांवरून ठरते.

टेबलावर

प्रत्यक्ष टोचण्याआधी बराच वेळ नुसतं बघण्यात जातो. डॉक्टर सोनोग्राफीचा प्रोब पोटावर फिरवत राहतात आणि रुग्णाला वाटतं, अजून सुरुवातच झाली नाही. खरं तर सगळ्यांत महत्त्वाचं काम तेव्हाच चालू असतं. पाणी कुठे सर्वांत खोल आहे, आतडं कुठे तरंगतंय, ओमेंटमचा सर्वांत जाड भाग कातडीपासून किती अंतरावर आहे, हे ठरवलं जातं. पोटाच्या पुढच्या स्नायूंमागून एक रक्तवाहिनी वर जाते. पाणी काढताना रक्तस्राव झालाच तर बऱ्याचदा तिला किंवा तिच्या फांदीला लागलेलं असतं. म्हणून कलर डॉपलर लावून ती आधी पडद्यावर शोधतात आणि सुई तिच्या बाहेरच्या बाजूला, खाली डावीकडे कुशीत घालतात.

जागा ठरली की जंतुनाशक लावून निर्जंतुक कापड पसरतात. मग त्या जागेपुरती भूल. हे लिग्नोकेनचं इंजेक्शन असतं आणि पूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त झोंबतं ते हेच. साधारण १० सेकंद आग होते, मग जागा बधिर व्हायला लागते. पोटाच्या आतल्या आवरणाला स्पर्शाची जाण फार असते, म्हणून भूल तिथपर्यंत खोल दिली जाते. ती नीट लागण्यासाठी दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. त्यानंतर दाब जाणवतो, ढकलल्यासारखं वाटतं, पण तीक्ष्ण दुखायला नको. दुखलं तर हलू नये, तोंडाने सांगावं. आणखी भूल देता येते.

आधी पाणी. सुईवरून एक बारीक प्लास्टिकची नळी आत सरकवतात, सुई बाहेर काढून घेतात आणि नळी बाटलीला जोडतात. या बाईंच्या पोटातून गवती पिवळ्या रंगाचं, किंचित गढूळ पाणी आलं. पहिलं पाणी तपासणीसाठी वेगळं ठेवलं. त्यातला एक भाग प्रथिनं आणि एडीए यांसाठी, एक पेशींसाठी, एक जंतूंसाठी. एडीए हे एक विकर आहे. पोटाच्या पाण्यात ते साधारण ४० च्या वर असेल तर क्षयाची शंका बळावते. पेशींच्या तपासणीसाठी मात्र चमचाभर पाणी पुरत नाही. निदान ५० मिली तरी पाठवतात, कारण कर्करोगाच्या पेशी विरळ असू शकतात.

उरलेलं पाणी हळूहळू सोडलं. तासाभरात साधारण ३ लिटर निघालं. घाईने खूप पाणी काढलं तर रक्तदाब उतरून गरगरल्यासारखं होतं, म्हणून मधूनमधून रक्तदाब मोजतात. यकृताच्या सिरोसिसमुळे पाणी झालेलं असेल आणि एका बैठकीत ५ लिटरपेक्षा जास्त काढायचं असेल, तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. नाहीतर एक-दोन दिवसांत मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. या बाईंना त्याची गरज नव्हती.

पाणी कमी झालं की तरंगणारा ओमेंटम पोटाच्या भिंतीजवळ येतो. आता बायोप्सी. दुसऱ्या जागी भूल देऊन एक बाहेरची पोकळ सुई जाड भागाच्या कडेपर्यंत नेतात. तिचं टोक पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसत राहतं. मग तिच्या आतून बायोप्सीची सुई जाते. बटण दाबलं की ‘टक’ असा मोठा आवाज होतो आणि रुग्ण हमखास दचकतो. हा आवाज डॉक्टर आधी एकदा बाहेर करून दाखवतात, तो त्यासाठीच. त्या क्षणभरात सुईच्या खाचेत तुकडा कापून अडकतो. साधारण १ ते २ सेंटिमीटर लांब आणि मिलिमीटरभर जाड असतो तो. बाहेरची सुई जागेवरच राहते, म्हणून पाच-सहा तुकडे घेतले तरी पोटाच्या भिंतीला भोक एकच पडतं. तुकडा घेतानाची एक सूचना मात्र पाळायची: ‘श्वास रोखा’ म्हटलं की रोखायचा. श्वासाबरोबर पोटातले अवयव वरखाली होतात आणि सुई मात्र हातात स्थिर असते.

‘सुई लावली की आजार पसरतो’ ही भीती या टप्प्यावर बोलून दाखवली जाते, आणि ती पूर्णपणे निराधार नाही. सुईच्या वाटेवर कर्करोगाच्या पेशी रुजण्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगात हे प्रमाण शंभरात दोन-तीन इतकं आढळलं आहे, इतर बहुतेक ठिकाणी ते बरंच कमी असतं. जिथे धोका खरा आहे तिथे डॉक्टर सुई लावणं टाळतात. अंडकोषातल्या गाठीची सुईने बायोप्सी करत नाहीत. बीजाशयापुरती मर्यादित असलेली संशयित गाठही सुईने टोचत नाहीत, कारण ती फुटली तर आजार पोटात सांडतो. या बाईंच्या बाबतीत सुई बीजाशयात गेलीच नाही. कर्करोग असताच, तर ओमेंटम जाड झालेला म्हणजे तो आधीच पसरलेला होता. टोचण्याने नवं काही बिघडणार नव्हतं आणि औषध कुठलं द्यायचं हे मात्र ठरणार होतं.

तुकडे कुठल्या बाटलीत?

प्रक्रिया संपते तिथे रुग्णाच्या दृष्टीने काम संपतं. पण निदान बिघडण्याची एक जागा इथेच असते. तुकड्याची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असेल तर तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिन पेशी जशाच्या तशा टिकवतं, पण जंतूंना मारून टाकतं. फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या तुकड्यातून क्षयाचा जंतू वाढवता येत नाही. त्यामुळे कुठलं औषध त्या जंतूवर चालतं आणि कुठलं चालत नाही, ही तपासणीही अवघड होऊन बसते. क्षयाची शंका असेल तेव्हा निदान एक-दोन तुकडे वेगळ्या निर्जंतुक बाटलीत, साध्या सलाईनमध्ये ठेवावे लागतात. सगळे तुकडे सवयीने एकाच बाटलीत गेले की ही संधी हुकते आणि कधी कधी पुन्हा टोचावं लागतं.

आपल्याकडे अनेक ठिकाणी या बाटल्या लॅबमध्ये नेण्याचं काम नातेवाइकांकडे येतं. म्हणून हे त्यांना ठाऊक असावं. बाटल्या किती आहेत, प्रत्येकीवर रुग्णाचं नाव आणि कुठला नमुना ते लिहिलंय का, हे पाहून घ्यावं. सलाईनची बाटली त्याच दिवशी पोचवावी, उशीर होणार असेल तर कशी ठेवायची ते विचारावं. फॉर्मॅलिनची बाटली नेहमीच्या तापमानाला चालते. ती उघडून पाहू नये, तिच्या वाफेने डोळे झोंबतात.

या बाईंचे चार तुकडे फॉर्मॅलिनमध्ये गेले, दोन सलाईनमध्ये.

पहिले काही तास

बायोप्सीनंतर २ ते ४ तास पडून राहायला सांगतात. पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब पाहतात, मग दर अर्ध्या तासाने. रुग्ण बरा दिसत असताना हे कशाला, असं वाटतं. पण आत रक्तस्राव होत असेल तर आधी नाडी वेगाने धावू लागते, रक्तदाब नंतर पडतो. नाडीची नोंद म्हणूनच महत्त्वाची. यकृताच्या बायोप्सीतले बहुतेक मोठे त्रास पहिल्या काही तासांत दिसतात आणि जवळजवळ सगळे २४ तासांच्या आत. घरी गेल्यावर पहिल्या रात्री कुणीतरी सोबत असावं, ते यासाठी.

भूल उतरली की जागा दुखते, ठणकते. हे एक-दोन दिवस चालतं आणि पॅरासिटामॉलने भागतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. कातडीखाली रक्त साकळून निळा डाग पडतो. तो पुढे हिरवट, पिवळा होत आठ-दहा दिवसांत जातो. यकृताची बायोप्सी असेल तर दुखणं उजव्या खांद्यात जाणवतं आणि घरचे हृदयाची शंका घेऊन घाबरतात. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच पातळीच्या मज्जातंतूंमधून जाते, म्हणून पोटातली दुखरी जागा मेंदूला खांद्यात भासते. छातीच्या मध्यभागी दुखलं, घाम फुटला किंवा धाप लागली तर मात्र ही समजूत घालत बसू नये, लगेच दाखवावं.

पाणी काढल्यावर खास होणारा त्रास म्हणजे भोकातून पाणी झिरपणं. पट्टी भिजते, कपडे ओले होतात. त्या भोकाची बाजू वर येईल असं कुशीवर झोपावं आणि पट्टी बदलावी. एक-दोन दिवसांत थांबलं नाही तर एखादा टाका घालावा लागतो. पोट पुन्हा भरलं तर ते पाणी काढताना झालेली चूक नव्हे. मूळ आजारावर उपचार सुरू होईपर्यंत पाणी तयार होतच राहतं.

लगेच रुग्णालयात परतावं अशा गोष्टी थोड्या आहेत, पण त्या पाठ असाव्यात: कमी होण्याऐवजी वाढत जाणारं पोटदुखीचं दुखणं, पोट दगडासारखं घट्ट होणं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, थंडी वाजून १०१ च्या वर ताप, आणि दाबून धरूनही न थांबणारं रक्त.

सुई छातीत असेल तर

छातीत पाणी झालं असेल तर ते काढतानाही हीच पद्धत असते, पण एका वेळी साधारण दीड लिटरच्या पुढे सहसा जात नाहीत. दबलेलं फुप्फुस उघडू लागतं तसा खोकला येतो. हा खोकला अपेक्षित असतो. छातीत आवळल्यासारखं वाटू लागलं तर मात्र तिथेच सांगावं, पाणी काढणं थांबवतात. फुप्फुस फार वेगाने फुललं तर त्यातच पाणी भरण्याचा धोका असतो.

फुप्फुसातल्या गाठीची बायोप्सी सहसा सीटी स्कॅनखाली होते. तिथे सर्वांत नेहमीचा त्रास म्हणजे फुप्फुसातून हवा निसटून ती छातीच्या पोकळीत साठणं. साधारण चार-पाच रुग्णांपैकी एकाला थोडीफार हवा साठते. बहुतेकांची आपोआप शोषली जाते, थोड्यांना नळी घालावी लागते. म्हणून काही तासांनी पुन्हा एक्स-रे काढतात. थुंकीत रक्ताचे दोन-चार ठिपके येऊ शकतात. सतत लाल रक्त पडणं किंवा अचानक धाप लागणं हे वेगळं, त्यासाठी लगेच धावायचं. विमानप्रवास ठरला असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा.

नळी घेऊन घरी

कधी एकदा पाणी काढून भागत नाही. यकृतातला पू हे त्याचं आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण. तेव्हा सुईतून एक बारीक तार आत सरकवतात, तारेवरून वाट रुंद करतात आणि त्याच तारेवरून नळी बसवतात. तार काढली की नळीचं टोक आत गोल वळतं, म्हणून तिला पिगटेल म्हणतात. हा वळसा नळीला घसरू देत नाही. नळी घातल्यानंतर एक-दोन तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो, कारण हलवलेल्या पुवातले काही जंतू रक्तात उतरतात. अँटिबायोटिक चालू असतं ते यासाठीही.

नळी घेऊन घरी जाताना तीन गोष्टी शिकून घ्याव्यात. पिशवी नेहमी नळीच्या जागेपेक्षा खाली ठेवायची. रोज ठरल्या वेळी किती आलं आणि कुठल्या रंगाचं ते वहीत लिहायचं. आणि सांगितलं असेल तर ५ ते १० मिली निर्जंतुक सलाईनने नळी धुवायची, आत जाताना अडलं तर जोर लावायचा नाही. येणारं प्रमाण अचानक शून्यावर आलं तर आजार बरा झाला असं गृहीत धरू नये. नळी चोंदली किंवा सरकली असण्याची शक्यता तितकीच असते. वहीतले आकडे हळूहळू उतरले, ताप गेला आणि सोनोग्राफीत जागा भरून आली, तरच नळी निघते.

रिपोर्ट

पाण्याचा रिपोर्ट एक-दोन दिवसांत येतो, तुकड्यांचा साधारण आठवड्यात. पेशींवर आणखी विशेष रंगपरीक्षा लागल्या तर त्याहून उशीर. क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी यंत्रात दोन तासांतच होते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असं ठरत नाही, कारण पोटाच्या क्षयात जंतू संख्येने कमी असतात. जंतू वाढवण्याच्या तपासणीला सहा आठवडेही लागतात.

‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ कर्करोग नाही असा घेऊ नये. गाठीचा मधला भाग मेलेला असतो तेव्हा सुईत नुसत्या मृत पेशी येतात. अशा वेळी गाठीच्या कडेतून पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. स्कॅन एक सांगतंय आणि तुकडा भलतंच सांगतोय असं झालं, तरीही पुन्हा तपासणीची मागणी करणं योग्यच आहे.

या बाईंच्या पाण्यात एडीए ६८ आलं, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यांत क्षयात दिसणारे ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहक पेशींचे पुंजके, आणि त्यांच्या मध्यभागी मेलेला भाग सापडला. सलाईनमधल्या तुकड्यात जनुकीय तपासणीने क्षयाचा जंतू दाखवला आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल हेही सांगितलं. उपचार ठरला तो सहा महिन्यांच्या गोळ्यांचा, ज्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पोट उघडावं लागलं नाही.

तुमच्या घरात कुणाला ही तपासणी सांगितली असेल तर टेबलावर जाण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. कुठली गोळी कधी बंद आणि कधी सुरू करायची? रात्री काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा? आणि क्षयाची शंका आहे का, असेल तर एक तुकडा सलाईनमध्ये ठेवणार ना?